ट्यूटोरियलच्या शीर्षकात आकडा, कंस आणि प्रश्नचिन्ह: कधी घालायचं, कधी काढून टाकायचं

आमच्या धायरीच्या सोसायटीत एक निवृत्त तलाठी काका आहेत. जमिनीच्या कागदपत्रांवर ते छोटे व्हिडिओ करतात आणि त्यासोबत लेखी टिपणही देतात. शिकवणं चोख, पण शीर्षकं अशी:

[2024] 7/12 काढण्याच्या 5 सोप्या पद्धती? (100% मोफत) नक्की पाहा!

यात आकडे चार, कंस दोन, एक प्रश्नचिन्ह आणि शेवटी एक आरोळी. आतलं ट्यूटोरियल एकाच गोष्टीचं होतं: डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवरून कसा उतरवायचा. पाच पद्धती नव्हत्याच. मोफतही नव्हतं, कारण नुसता बघण्यापुरता सातबारा फुकट दिसतो, पण सहीच्या प्रतीला 15 रुपये पडतात. काकांना विचारलं तर म्हणाले, "अहो, सगळे असंच लिहितात. प्रश्नचिन्ह टाकलं की लोक थांबतात."

लोक थांबतातही, पण तेवढ्याने ट्यूटोरियलचं काम होत नाही. तिथे आलेल्या माणसाला तहसीलमध्ये किंवा बँकेत कागद द्यायचा असतो. पाच पद्धती शोधत तो निम्मा व्हिडिओ पुढे ढकलतो, पंधरा रुपयांची पायरी आली की वैतागतो आणि निघून जातो. पुढे याच शीर्षकावर काम करत जाऊ. क्रम बदलू नका. बहुतेकांची चूक अशी होते की ते आधी "5 सोप्या" लिहितात आणि मग पाच कशा भरायच्या ते बघतात.

## तयारी: शीर्षकाआधी चार ओळी

ट्यूटोरियल पुरतं तयार होईपर्यंत शीर्षक लिहायला घेऊ नका. तयार झालं की एका कागदावर चार गोष्टी उतरवा.

पहिली, शेवटी वाचकाच्या हातात काय येणार. काकांच्या बाबतीत: डिजिटल सहीची पीडीएफ. दुसरी, त्याला आधीपासून काय लागणार: मोबाइल नंबर, गाव, गट नंबर आणि ऑनलाइन पैसे भरायची सोय. तिसरी, हे कोणासाठी नाही. पुण्यात ही ओळ फार महत्त्वाची आहे, कारण सिटी सर्व्हे झालेल्या जागेचा मालकी कागद म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. पेठेतल्या वाड्याचा सातबारा शोधायला बसलेला माणूस गट नंबराच्या रकान्यापाशी अडकतो आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं समजतो. चौथी ओळ, यातली कोणती गोष्ट वर्षभरात बदलू शकते. फी बदलते, पडद्याची मांडणी बदलते, संकेतस्थळाचा पत्ताही बदलतो.

आकडा, कंस आणि प्रश्न यांतलं जे काही शीर्षकात येईल, ते या चार ओळींतूनच यायला हवं. बाहेरून आणलेलं जाणवतंच.

## टप्पा 1: आधी साधं शीर्षक

कुठलीही सजावट न करता, शेजाऱ्याला फोनवर सांगाल तसं लिहा. "मोबाइलवर डिजिटल सहीचा सातबारा काढणं." बस्स.

यात वस्तूचं नाव आणि क्रिया हे दोन्ही असलं पाहिजे. काकांच्या शीर्षकात "डिजिटल सहीचा" हे शब्दच नव्हते, आणि सगळी गोम तिथेच होती. ज्याला फक्त बघायचाय त्याला हे ट्यूटोरियल नको, ज्याला कुठे सादर करायचाय त्यालाच हवंय.

तपासा: हे साधं शीर्षक वाचून पुरेसं वाटतंय का? वाटत असेल तर इथेच थांबायला काही हरकत नाही. पुढचे टप्पे सक्तीचे नाहीत.

## टप्पा 2: आकडा

शीर्षकातले आकडे तीन जातींचे असतात, आणि घोळ होतो तो या जाती एकमेकींत मिसळल्याने.

एक जात नावातल्या आकड्याची. 7/12, 8अ, कलम 155. हे मोजमाप नाही, ते त्या वस्तूचं नाव आहे. मराठीत ही अडचण चांगलीच छळते. "7/12 मधल्या 5 चुका" हे भरभर वाचताना आकडे एकमेकांवर आदळतात. शीर्षकात दुसरा आकडा येणार असेल तर पहिला अक्षरी लिहा: "सातबाऱ्यातल्या 5 चुका". लोक "7/12" असंही टाइप करून शोधतात, म्हणून तो आकडी प्रकार वर्णनाच्या पहिल्या ओळीत ठेवा. दोन्ही साधतं.

दुसरी जात मोजणीची: 5 चुका, 4 कारणं, 6 पायऱ्या. इथे माझं मत ठाम आहे. सुट्या गोष्टींचा संग्रह असेल तर आकडा घाला, एकामागून एक करायचं काम असेल तर शक्यतो घालू नका. "फेरफार नोंद अडण्याची 4 कारणं" यात आकडा काम करतो. वाचक एकेक वाचत आपलं कुठलं ते शोधतो, तिसरं सापडलं की थांबतो. पण सातबारा काढायच्या पायऱ्या सहा असोत की नऊ, त्याला सगळ्या करायच्याच आहेत. आकड्याने त्याच्या निर्णयात काही फरक पडत नाही.

वर पायऱ्यांची मोजणी कधी प्रामाणिक राहत नाही. काकांनी जुन्या एका टिपणात "फक्त 5 स्टेप्स" लिहिलं होतं. मी त्यांच्यासमोर बसून करून बघितलं. मोबाइल नंबर टाकला, ओटीपी आला, तो टाकला. खात्यात पैसे भरायला बँकेच्या पानावर गेलो, तिथे पुन्हा ओटीपी. परत येऊन जिल्हा, तालुका, गाव, मग गट नंबर, मग पैसे वळते करायची संमती, मग फाइल उतरवणं. मी बोटं मोजत होतो आणि काका म्हणत होते, "ते ओटीपीचं धरायचं नाही हो." पण ज्याच्या मोबाइलला रेंज नाही त्याच्यासाठी ओटीपी हीच सगळ्यात मोठी पायरी असते.

पायऱ्यांचा आकडा द्यायचाच असेल तर असं मोजा: जिथे काम अर्धवट सोडून उद्या पुढे नेता येतं, तिथे एक पायरी संपली. वरच्या कामात अशा जागा दोन: खातं उघडून पैसे भरले की थांबता येतं, आणि सातबारा निवडून उतरवला की काम संपतं. म्हणजे खरा आकडा 2. तो शीर्षकात घालावासा वाटत नाही ना? मग आकड्याची गरजच नव्हती.

तिसरी जात मापाची, आणि ट्यूटोरियलला सगळ्यात उपयोगी हीच. जमिनीच्या कागदातून जरा बाहेर येऊन उदाहरण देतो. "उकडीच्या मोदकांच्या 7 टिप्स" आणि "नैवेद्याचे 21 उकडीचे मोदक: पीठ किती, सारण किती". दुसऱ्यातला 21 वाचकाच्या घरातून आलाय. गणपतीला तेवढेच करायचे असतात आणि सारण उरणं किंवा पीठ कमी पडणं हीच दरवर्षीची रड असते. पहिल्यातला 7 लिहिणाऱ्याच्या डोक्यातला आहे, तिथे 6 किंवा 9 लिहिलं असतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. सातबाऱ्याच्या बाबतीत मापाचा आकडा म्हणजे 15 रुपये. तो खरा आहे, पण चौथ्या ओळीत "फी बदलते" असं आपणच लिहिलंय. म्हणून तो आत ठेवायचा, शीर्षकात नाही.

सावधान: "5 मिनिटांत" हे माप तुमच्या हाताचं असतं. हे काम कधीच न केलेल्या एखाद्याला समोर बसवून घड्याळ लावलं असेल तरच लिहा.

तपासा: आकडा एकाने वाढवून शीर्षक पुन्हा वाचा. वाचकाला काहीच फरक पडत नसेल, तर आकडा काढा. आणि ठेवलाच असेल, तर ट्यूटोरियलमधली उपशीर्षकं मोजा. शीर्षकात 4 आणि आत 5 ही चूक नंतरच्या दुरुस्तीत हमखास होते. कुणीतरी सुचवतं, आपण एक मुद्दा वाढवतो आणि वरचा आकडा तसाच राहतो.

## टप्पा 3: प्रश्न

प्रश्न कुणाचा आहे, एवढंच बघायचं. वाचकाच्या तोंडचा प्रश्न चालतो. मास्तरांनी वर्गाला विचारलेला प्रश्न चालत नाही.

"डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर कसा काढायचा?" हा वाचकाचा प्रश्न. तो याच शब्दांत मुलाला किंवा सेतू केंद्रातल्या माणसाला विचारतो. "तुम्हाला सातबाऱ्याचं हे गुपित माहीत आहे का?" हा मास्तरांचा. असा प्रश्न मनाशीसुद्धा कुणी विचारत नाही.

हो-नाही उत्तराचे प्रश्न आणखी धोक्याचे. इंग्रजी पत्रकारितेत इयन बेटरिज या पत्रकाराच्या नावाने 2009 पासून एक नियम सांगितला जातो: बातमीच्या मथळ्याशेवटी प्रश्नचिन्ह असेल तर उत्तर "नाही" असं धरून चाला. बातमीदाराला खात्री नसते, म्हणून तो प्रश्नचिन्हाआड लपतो. ट्यूटोरियल लिहिणाऱ्याला लपायचं कारण नाही. "मोबाइलवर सातबारा काढता येतो का?" याचं उत्तर "हो" एवढंच असेल, तर आत पुढे लिहायचं काय? मात्र उत्तर "काही वेळा" असेल, तर हाच प्रश्न उत्तम. "एजंटाशिवाय भाडेकरार नोंदवता येतो का?" याचं उत्तर तुमच्याकडे अंगठ्याचे ठसे घेण्याचं यंत्र आहे का, यासारख्या गोष्टींवर अवलंबून असतं. तिथे प्रश्नाला पोट आहे.

आता मराठीच्या दोन खास चुका. पहिली, "काय"ने वाक्य सुरू करणं: "काय तुम्ही सातबाऱ्यातील चूक दुरुस्त करू शकता?" हे हिंदीचं बोट धरून आलंय. मराठीत असा प्रश्न "का"ने संपतो, आणि बोलताना तर आपण अडचणच आधी सांगतो. "सातबाऱ्यावर नाव चुकलंय, दुरुस्त कसं करायचं?" यात आधी दुखणं आणि मग प्रश्न आहे. हा साचा मला सगळ्यात नैसर्गिक वाटतो.

दुसरी चूक लिंगाची. सातबारा कसा, पावती कशी, प्रॉपर्टी कार्ड कसं. एकाच शीर्षकाची नक्कल करून नाम बदललं की "पावती कसा काढायचा" असं राहून जातं. हसू नका, गेल्या महिन्यात मीच एका ट्यूटोरियलवर ते छापलं.

"कसा काढाल?", "कसा काढावा?" आणि "कसा काढायचा?" यांतही फरक आहे. पहिलं वर्तमानपत्री, दुसरं सल्ल्यासारखं, तिसरं बोलण्यातलं. कुठलंही चालेल, पण आतली भाषा आणि शीर्षकाची भाषा एकच असू द्या.

सावधान: विधानाच्या मागे प्रश्नचिन्ह लावून प्रश्न होत नाही. काकांचं "5 सोप्या पद्धती?" वाचून असं वाटतं की पद्धती सोप्या आहेत याबद्दल त्यांनाच शंका आहे.

तपासा: पहिल्या परिच्छेदात उत्तराची दिशा मिळते का? प्रश्न विचारून उत्तर तळाशी ठेवलं असेल, तर एक तर प्रश्न काढा, नाही तर उत्तर वर आणा.

## टप्पा 4: कंस, सगळ्यात शेवटी

कंसाचं काम एकच: शीर्षक पूर्ण झाल्यावर उरलेली, वाचकाचा निर्णय बदलणारी एखादी गोष्ट सांगणं. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत परीक्षेच्या प्रश्नसंचांवर "(उत्तरांसह)" असं छापलेलं दिसतं. त्या एका शब्दावर पालक दोन संचांतला एक उचलतात. कंस असा हवा.

ट्यूटोरियलसाठी कंसात काय शोभतं? सोबत काय मिळतं, म्हणजे (नमुना अर्जासह). कोणत्या साधनावर, म्हणजे (संगणकाशिवाय). आणि माझ्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा पण सगळ्यात उपयोगी प्रकार, म्हणजे कोणासाठी नाही. काकांच्या शीर्षकाला मी हाच जोडला: (प्रॉपर्टी कार्डासाठी नाही). काका आधी नाराज झाले. "म्हणजे पेठेतली गिऱ्हाईकं आपणच घालवायची?" ती गिऱ्हाईकं मुळात त्यांची नव्हतीच. गट नंबराच्या रकान्यापाशी अडकून ती काकांनाच फोन करायची.

"(100% मोफत)", "(सोपी पद्धत)", "(संपूर्ण माहिती)" यांपैकी काहीही वाचकाला निवडायला मदत करत नाही. अपुरी माहिती असं कुणी लिहितं का? ज्याच्या उलट कुणीच लिहिणार नाही, ते कंसात घालून उपयोग नाही.

वर्षाचं वेगळं सांगतो, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. घरपट्टीतल्या सवलतीच्या एका ट्यूटोरियलला मी वर्ष टाकलं होतं. पुढच्या वर्षी नुसतं वर्ष बदललं, आतली मुदत तशीच राहिली. ज्यांनी विश्वासाने वाचलं त्यांची तारीख हुकायची वेळ आली, आणि फोन घरच्या नंबरावर आले. तेव्हापासून नियम असा: वर्ष तेव्हाच, जेव्हा मजकूर दरवर्षी खरोखर बदलतो आणि तो पुन्हा तपासणारं कुणीतरी ठरलेलं आहे. नाहीतर आत "अमुक महिन्यात करून पाहिलं" अशी ओळ टाका. ती जुनी झाली तरी खोटी होत नाही. शिवाय शीर्षकात जुनं वर्ष आणि पानावरच्या मथळ्यात नवं वर्ष अशी तफावत असेल, तर गूगल शोधनिकालात शीर्षक स्वतःच बदलून दाखवू शकतं. म्हणजे तुमचा बेफिकीरपणा यंत्रालाही दिसतो.

चौकोनी कंसाबद्दल थोडक्यात: मराठी छपाईत चौकोनी कंस संपादकाने मध्ये घातलेल्या शब्दांसाठी येतो. शीर्षकात त्याने वेगळं काही साधत नाही. गोल कंस वापरा, एकच वापरा, शेवटी वापरा.

तपासा: कंस हाताने झाका. उरलेलं शीर्षक पूर्ण वाटलं पाहिजे. "डिजिटल सहीचा" हे कंसात गेलं असेल, तर ते बाहेर काढा. ते शीर्षकाचं हाड आहे.

## टप्पा 5: लांबी मोजा

यूट्यूबवर शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे. गूगलने अशी मर्यादा घातलेली नाही, पण पडद्याच्या रुंदीनुसार शेवट कापला जातो. अक्षरं मोजताना मराठी फसवते, कारण काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "प्रॉपर्टी" डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द दिसतो, मोजणीत तो 9 भरतो. "प्रक्रिया"ही 9. म्हणून अंदाजाने जाऊ नका. शीर्षक स्प्रेडशीटच्या एका चौकटीत टाका आणि शेजारी हे लिहा:

```
=LEN(A1)
```

काकांचं नवं शीर्षक कंसाशिवाय 42 भरलं, कंसासह 70. शेवट कापला गेला तरी कंसच जातो, मुख्य प्रश्न राहतो. कंस शेवटी ठेवायचं हेही एक कारण.

## टप्पा 6: ओढूनताणून वाटतंय का?

एकट्या शीर्षकाकडे बघून हे कळत नाही. मागची दहा शीर्षकं एकाखाली एक लिहा आणि घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. काकांच्या घरी हे काम काकूंनी केलं. चौथ्या शीर्षकापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे तर मघाशीच वाचलं." वाचलं नव्हतं. विषय वेगळा होता, साचा तोच होता. पाच सोप्या, सात महत्त्वाच्या, पाच सोप्या.

साचा ताणला गेल्याच्या खुणा मला साधारण अशा दिसतात. आकड्यामागे विशेषण आल्याशिवाय आकडा उभाच राहत नाही. आकडा जुळवायला एका मुद्द्याचे दोन केलेले असतात, आणि त्यातला दुसरा दोन ओळींत संपतो. किंवा तिन्ही गोष्टी, म्हणजे आकडा, प्रश्न आणि कंस, एकाच शीर्षकात दिसतात. प्रश्न आणि कंस एकत्र चालतात, आकडा आणि कंसही चालतात. तिन्ही एकत्र आले की कुठलं तरी एक नक्की फुकटचं असतं. ते शोधायची सोपी रीत म्हणजे एकेक काढून शीर्षक मोठ्याने वाचणं.

दहांपैकी किती शीर्षकांत साचा असावा, याचा आकडा देणार नाही. मालिका असेल तर सगळी सारखी असणं योग्यच. "सातबारा कसा काढायचा?", "आठ-अ कसा काढायचा?", "फेरफार कसा बघायचा?" हा तोचतोचपणा वाचकाच्या सोयीचा आहे, त्याला पुढचा भाग ओळखता येतो. खटकतो तो तोचतोचपणा, जो विषयातून आलेला नसतो.

काकांचं शीर्षक अखेर असं झालं:

डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर कसा काढायचा? (प्रॉपर्टी कार्डासाठी नाही)

त्याच स्प्रेडशीटमध्ये शेजारी दोन रकाने वाढवा: शीर्षकातली कोणती गोष्ट बदलू शकते, आणि ती पुन्हा कधी तपासायची. वर्ष, फी किंवा मोजणीचा आकडा असलेलं प्रत्येक शीर्षक त्यात गेलं पाहिजे. काकांनी ही यादी वहीत ठेवली आहे, रकाने आखून, तलाठ्याच्या अक्षरात. आकडा नसलेल्या शीर्षकांसमोर त्यांनी "निरंक" लिहिलंय.